चौदाव्या प्रश्नाचे उत्तर

मी पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीचे गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण मी किमान चाळीस वेळा शिकवले असेल. त्यातील एका प्रश्नाचे उत्तर मी मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीला प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून चुकीचे सांगितले. ती चूक दोन तासांत माझ्या लक्षात आली आणि दुसऱ्याच दिवशी मी ती वर्गात दुरुस्तही केली, पण इतक्या वर्षांनंतरही ती माझ्या तोंडून सहज निघाली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे महाविद्यालय शहरातील एका खासगी क्लासची चाचणीमालिका घेते. प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका तिकडूनच येतात आणि आम्ही फक्त परीक्षा घेतो. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. त्या चाचणीतील चौदावा प्रश्न असा होता: पृथ्वीभोवती कमी उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहावर विरळ हवेचा रोध कार्य करत असेल, तर काही काळाने त्याचा वेग कसा बदलेल? उत्तरतालिकेत पर्याय ‘अ’ होता, म्हणजे ‘कमी होईल’. बासष्ट मुलांपैकी तिघांनी ‘ब’, म्हणजे ‘वाढेल’, हे उत्तर निवडले होते. त्यातील दोघांनी अंदाजाने खूण केल्याचे नंतर मोकळेपणाने सांगितले. तिसरी ही मुलगी होती.

प्रात्यक्षिकाचा तास संपत आला होता, मुले स्क्रू गेज डब्यात ठेवत होती आणि दोन गेज मोजणीत कमी भरत होते. ती प्रश्नपत्रिका हातात धरून दारात आली आणि म्हणाली, “सर, चौदाव्याचे उत्तर ‘ब’ असायला हवे, असे मला वाटते.” माझे लक्ष गेजकडे होते. मी म्हणालो, “अगं, हवा अडवते म्हटल्यावर वेग कमीच होणार ना. तालिका बरोबर आहे.” ती “बरं सर” एवढेच म्हणाली, प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवून निघून गेली, आणि मी राहिलेले गेज शोधत राहिलो.

संध्याकाळी टेबल आवरताना ती प्रश्नपत्रिका हातात आली. चौदाव्या प्रश्नाच्या शेजारी समासात पेन्सिलीने `v = √(GM/r)` असे लिहून `r`, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर, याच्या पुढे खाली जाणारा बाण आणि `v`, म्हणजे वेग, याच्या पुढे वर जाणारा बाण काढलेला होता. त्याखाली तिने एकूण ऊर्जेचे सूत्र `E = −GMm/2r` लिहून उणे चिन्हाभोवती दोनदा गोल केला होता. ही दोन्ही सूत्रे मीच पंधरा दिवसांपूर्वी त्याच मुलांना फळ्यावर सिद्ध करून दाखवली होती. तिने ती वापरली होती आणि मी सायकलचा ब्रेक डोळ्यांपुढे आणून उत्तर दिले होते.

शिक्षक-कक्षात मी हे बोललो तेव्हा एका सहकाऱ्याने, तालिकेत जे आहे त्याप्रमाणे गुण द्यावेत आणि वाद वाढवू नये, असा सल्ला दिला. तो मनाने चांगला माणूस आहे, पण असल्या सल्ल्याने आमच्या विषयाचे जितके नुकसान झाले आहे तितके कठीण प्रश्नपत्रिकांनीही झालेले नाही. एकोणसाठ मुलांना एका चुकीच्या कल्पनेसाठी चार-चार गुण मिळाले होते, आणि गुण मिळालेली कल्पना मुले सहसा सोडत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवून मी सगळा तास या एका प्रश्नाला दिला. सुरुवातीलाच, काल मी चुकीचे उत्तर दिले होते, हे त्या मुलीकडे पाहून सर्वांसमोर सांगितले.

मी फळ्यावर आकडे घेतले, कारण या जागी नुसती सूत्रे मुलांच्या डोळ्यांपुढून निघून जातात. पृथ्वीपासून 400 किमी उंचीवर वर्तुळाकार कक्षेत फिरणारा उपग्रह घेतला आणि त्याच्या फक्त एका किलोग्रॅम वस्तुमानाचा हिशेब मांडला. पृथ्वीच्या केंद्रापासून त्याचे अंतर 6,778 किमी येते, वेग सेकंदाला 7.669 किमी, गतिज ऊर्जा 29.40 मेगाजूल आणि स्थितिज ऊर्जा उणे 58.81 मेगाजूल. दोहोंची बेरीज, म्हणजे एकूण ऊर्जा, उणे 29.40 मेगाजूल. अनंत अंतरावर स्थितिज ऊर्जा शून्य धरलेली असल्यामुळे हे उणे चिन्ह येते. उपग्रह पृथ्वीला बांधलेला आहे आणि त्याला पूर्ण मोकळे करायचे तर तेवढी ऊर्जा बाहेरून द्यावी लागेल, एवढेच ते चिन्ह सांगते.

मग तोच उपग्रह रोधामुळे हळूहळू 300 किमी उंचीवर आला असे धरले. आता केंद्रापासूनचे अंतर 6,678 किमी, वेग सेकंदाला 7.726 किमी, गतिज ऊर्जा 29.84, स्थितिज ऊर्जा उणे 59.69 आणि एकूण ऊर्जा उणे 29.84 मेगाजूल. वेग सेकंदाला 57 मीटरने वाढला होता. एका फेरीला आधी साडेब्याण्णव मिनिटे लागत होती, आता साडेनव्वद लागू लागली. म्हणजे रोध सोसलेला उपग्रह मूळ कक्षेत राहिलेल्या जुळ्या भावाच्या प्रत्येक फेरीत दोन मिनिटे पुढे जाणार.

या आकड्यांत मला मुलांना दाखवायचा होता तो जमाखर्च. शंभर किलोमीटर खाली येताना स्थितिज ऊर्जेच्या खात्यातून 0.88 मेगाजूल गेले. त्यातील बरोबर अर्धे, 0.44 मेगाजूल, रोधाने उष्णतेच्या रूपात हवेला आणि उपग्रहाच्या पृष्ठभागाला देऊन टाकले, आणि उरलेले अर्धे गतिज ऊर्जेच्या खात्यात जमा झाले. एकूण ऊर्जा घटली याबद्दल वाद नाही. रोध नेहमी ऊर्जा काढूनच घेतो, आणि ‘अ’ निवडणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हीच बरोबर गोष्ट होती. चूक होते ती पुढच्या पावलाला, जेव्हा एकूण ऊर्जा घटली म्हणजे गतिज ऊर्जाही घटली असे आपण धरून चालतो. वर्तुळाकार कक्षेत गुरुत्वाचे बल हेच अभिकेंद्री बल असते, त्यामुळे गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या परिमाणाच्या नेमकी निम्मी राहते आणि एकूण ऊर्जेच्या बरोबर उलट चिन्हाची असते. एक जितकी खाली जाईल तितकी दुसरी वर गेलीच पाहिजे.

उष्णता म्हणजे नेमकी किती, असे एकाने विचारले. एक टन वजनाच्या उपग्रहासाठी ती 440 मेगाजूल होते. घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमधील साधारण साडेनऊ किलो गॅस जाळल्यावर जेवढी उष्णता मिळेल तेवढी. ती अनेक महिन्यांत पसरून बाहेर पडते, म्हणून एवढ्या उंचीवर काहीही पेटत नाही.

जमाखर्च सर्वांना पटला, पण मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, हिशेब जुळतो, पण ढकलले कोणी? वेग वाढायला पुढच्या दिशेने बल लागते, आणि हवा तर मागे ढकलते आहे.” बावीस वर्षांत मला वर्गात इतका नेमका प्रश्न फार थोड्या वेळा मिळाला आहे. ऊर्जेचा हिशेब काय होते ते सांगतो, पण कोणत्या बलाने होते ते सांगत नाही, आणि बहुतेक पुस्तके हिशेबापाशीच थांबतात.

त्याचे उत्तर त्या कक्षेच्या उतारात आहे. रोध नसता तर वर्तुळाकार कक्षेत गुरुत्वाचे बल गतीच्या दिशेला काटकोनात राहिले असते आणि त्याने वेग वाढवलाही नसता, घटवलाही नसता. रोधामुळे मात्र कक्षा बंद वर्तुळ राहत नाही, ती अतिशय मंद उताराची आतल्या बाजूची सर्पिल होते. उपग्रह सतत किंचित खाली जात असल्याने गुरुत्वाचा एक लहानसा घटक त्याच्या गतीच्या दिशेने, म्हणजे पुढच्या दिशेने येतो. तो घटक किती? उपग्रह दिवसाला शंभर मीटर खाली येतो असे धरू. दिवसात साडेपंधरा फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीत सुमारे साडेसहा मीटर, आणि एका फेरीची वाट आहे जवळजवळ 42,600 किमी. मी मुलांना म्हणालो की आपल्या गावापासून साडेसहा किलोमीटर लांबीचा रस्ता बांधला आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त एक मिलिमीटर उतार ठेवला, तर तो एवढा उतार होईल. कोणत्याही गवंड्याची पाणसळ तो दाखवणार नाही. पण त्या उंचीवर गुरुत्वाचे बल जमिनीवरच्या बलाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि रोध अत्यंत दुबळा असतो, त्यामुळे या नगण्य उतारावरून मिळणारा गुरुत्वाचा घटकसुद्धा रोधाच्या दुप्पट भरतो. अंदाजाने नव्हे, गणिताने बरोबर दुप्पट येतो. रोध एक वाटा मागे ओढतो, गुरुत्व दोन वाटे पुढे ओढते, आणि बाकी एक वाटा पुढच्या दिशेला उरतो. म्हणून उपग्रहाचा वेग जणू रोधाची दिशाच उलटी झाली असावी अशा दराने वाढतो. रोध जितका जास्त, तितका वेग लवकर वाढतो.

एवढ्यावर काही जणांनी माना डोलावल्या, पण मला त्यांच्यासमोर घडलेली गोष्ट ठेवायची होती. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुत्निक-1 सोडला. 83.6 किलोच्या त्या गोळ्याबरोबर त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचा मधला भागही कक्षेत गेला. वस्तुमानाच्या मानाने त्या रिकाम्या रॉकेटचा आकार फार मोठा होता, म्हणून हवा त्याला स्पुत्निकपेक्षा अधिक अडवत होती. ब्रेकची कल्पना खरी असती, तर रॉकेट मागे पडले असते. ते पुढे निघून गेले, त्याच्या फेऱ्या लवकर पूर्ण होऊ लागल्या, आणि 1 डिसेंबरला ते जळून संपले. सुरुवातीला 96.2 मिनिटांत फेरी पूर्ण करणाऱ्या स्पुत्निकचा काळही घटतच गेला, पण तो 4 जानेवारी 1958 पर्यंत टिकला. एकाच वाटेवर निघालेल्या दोन वस्तूंपैकी जिला हवा जास्त अडवत होती तीच पुढे गेली, यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. हा पुरावा चौसष्ट वर्षांहून अधिक काळ उपलब्ध असताना उत्तरतालिका करणाऱ्याला तो आठवू नये, याचा मला राग आला, आणि आदल्या दिवशी दारात मलाही तो आठवला नव्हता, याचा त्याहून अधिक.

मग वेग जमिनीपर्यंत वाढतच जातो का, हे विचारले जाणार होतेच. नाही. हा सगळा हिशेब रोध अत्यल्प असेपर्यंतच खरा आहे, म्हणजे प्रत्येक फेरी जवळजवळ वर्तुळच असते तोपर्यंत. सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या खाली हवा इतकी दाट होते की रोध गुरुत्वाच्या पुढच्या घटकाला गाठतो आणि मागे टाकतो. तिथून फेऱ्या उरत नाहीत, उपग्रह पडू लागतो, वेग झपाट्याने घटतो आणि जवळजवळ सगळी गतिज ऊर्जा काही मिनिटांत उष्णता होऊन बाहेर पडते. आपण आकाशात जळताना पाहतो तो हा शेवटचा तुकडा असतो, आणि मला वाटते की ‘अ’ हे उत्तर लोकांना सहज पटते ते त्यांच्या डोळ्यांपुढे हेच दृश्य असल्यामुळे.

तास संपायला दहा मिनिटे असताना त्या मुलीने हात वर केला. तिचे वडील गावात आणि आसपासच्या वाड्यांवर टीव्हीच्या डिश बसवतात. ती म्हणाली, “सर, बाबांनी बसवलेली डिश वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही. मग त्या उपग्रहाचा वेग वाढत नाही का? तो पुढे का जात नाही?” पहिले उत्तर सोपे होते. ते उपग्रह इतके उंच असतात की तिथे हवेचा रोध जवळजवळ नसतोच. पण ती उंची कुठून येते, हे मात्र मला नीट करून घ्यायचे होते, कारण इथेही पुस्तके एक घाई करतात.

फेरीचा काळ माहीत असेल तर त्रिज्या `r³ = GMT²/4π²` यावरून मिळते. मुलांनी सवयीने `T` च्या जागी 24 तास, म्हणजे 86,400 सेकंद घातले आणि 42,241 किमी उत्तर काढले. गणित अचूक होते आणि उत्तर चूक. भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका पूर्ण फेरीशी जुळवून घ्यायचे असते आणि 24 तास हा सूर्य पुन्हा डोक्यावर येण्याचा काळ आहे. त्या अवधीत पृथ्वी सूर्याभोवतीही जवळजवळ एक अंश सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला एका फेरीपेक्षा थोडे जास्त फिरावे लागते. ताऱ्यांच्या संदर्भात तिची फेरी 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत पूर्ण होते. कृत्तिका रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटे लवकर उगवतात, हे शेतावर झोपणाऱ्या माणसाला ठाऊक असते, ती हीच चार मिनिटे. 86,164 सेकंद घातले की त्रिज्या 42,164 किमी येते आणि त्यातून पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या 6,378 किमी वजा केली की उंची 35,786 किमी. दोन उत्तरांत फक्त 77 किमीचा फरक आहे. “36,000 च्या पुढे 77 म्हणजे काय आहे, सर,” असे पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, आणि घंटा झाली.

त्या 77 किलोमीटरचे उत्तर मी रविवारी त्या मुलीच्या वडिलांकडून घेतले. ते एका घराच्या गच्चीवर जुनी डिश काढून नवी लावत होते आणि मुलीने मला तिकडे नेले होते. साठ सेंटिमीटरची डिश, आग्नेयेकडे तोंड करून, 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-15 या उपग्रहासाठी, कारण घरमालकाला डीडी फ्री डिश हवी होती. त्यांनी मागच्या क्लॅम्पचे नट अर्धवट सैल ठेवले, डिशपुढच्या एलएनबीची, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाची, केबल लहान मीटरला जोडली आणि दोन्ही हातांनी डिशची कड धरून ती अशी हलवू लागले की मला ती हलल्याचे दिसतच नव्हते, फक्त मीटरचा आवाज चढत-उतरत होता. आवाज सर्वांत वर गेला तिथे त्यांनी श्वास रोखून पाना फिरवला. नट शेवटच्या पाव फेऱ्यात आवळताना डिश किंचित ओढली जाते, म्हणून ते आधीच केसभर विरुद्ध बाजूला धरून ठेवतात, हे त्यांनी मला दाखवले. मी सोबत कागदावर हिशेब नेला होता. एवढ्या डिशची पकड दोन्ही बाजूंना मिळून तीन अंशांच्या आसपास, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला दीड अंश. 77 किमी जास्त उंचीवरचा उपग्रह रोज पृथ्वीच्या मागे राहील आणि दिवसाला 0.986 अंश पश्चिमेकडे सरकेल. हे ऐकून ते लगेच म्हणाले, “म्हणजे दुसऱ्या दिवशीच फोन सुरू होतील, सर. तिसऱ्या दिवशी चित्रच नाही.” वर्गातल्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मी देऊ शकलो नसतो, आणि सोमवारी ते त्यांच्याच शब्दांत दिले.

पाना पिशवीत ठेवताना त्यांनी मला विचारले, “पण सर, तो वर जागच्या जागी राहतो, की त्याला कोणी धरून ठेवते?” हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नाही, पण मला आदल्या दोन दिवसांत जे सांगायचे होते ते सगळे त्यातच होते, म्हणून मी गच्चीच्या कठड्यावर बसून उत्तर दिले.

उपग्रहाला धरून ठेवावेच लागते. पृथ्वीचे विषुववृत्त नेमके वर्तुळ नाही. ते किंचित लंबगोल आहे आणि त्याचे दोन फुगीर भाग साधारण 15 अंश पश्चिम आणि 165 अंश पूर्व रेखांशांवर आहेत. 93.5 अंशांवरच्या उपग्रहाला त्यातला पूर्वेकडचा फुगवटा जवळचा, म्हणून तो उपग्रहाला फार हलक्या बलाने सतत पूर्वेकडे ओढतो. उपग्रहाची गतीही पूर्वेकडेच आहे, म्हणजे ही ओढ रोधाच्या उलट, पुढच्या दिशेची आहे. ती त्याला ऊर्जा देते. एकूण ऊर्जा वाढली की कक्षा उंचावते, कक्षा उंचावली की वेग घटतो, आणि वेग घटला की तो पृथ्वीच्या मागे पडतो. पूर्वेकडे ओढलेला उपग्रह पश्चिमेकडे सरकू लागतो. कोणी काही केले नाही तर तो साधारण 75 अंश पूर्व रेखांशाच्या दिशेने जातो, जिथे दोन्ही फुगवटे सारख्याच अंतरावर असतात. हा रेखांश आपल्या महाराष्ट्रावरून जातो. इंधन संपून बंद पडलेले काही जुने उपग्रह याच जागेच्या आजूबाजूला, झोपाळ्यासारखे इकडून तिकडे फिरत असतात. म्हणून 93.5 अंशांवरचा उपग्रह पश्चिमेकडे सरकला की त्याला पूर्वेकडे आणण्यासाठी नियंत्रक त्याच्या लहान थ्रस्टरने त्याला पश्चिमेकडे, म्हणजे गतीच्या उलट दिशेने, ढकलतात. त्याची थोडी ऊर्जा काढून घेतात, तो खाली येतो, वेगवान होतो आणि पुढे सरकतो. ठरलेल्या जागेपासून दोन्ही बाजूंना सामान्यतः 0.1 अंशाच्या आत त्याला ठेवायचे असते. उत्तर-दक्षिण डोलणे वेगळे, त्याला सूर्य आणि चंद्र कारणीभूत आहेत आणि बहुतांश इंधन तिकडेच जाते, पण ते त्या दिवशी मी सांगितले नाही.

ते काही वेळ डिशकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे पुढे न्यायचे तर मागे ढकलायचे.” मुलगी हसून म्हणाली, “चौदावा प्रश्न, बाबा.”

आम्ही त्या चाचणीमालिकेकडे पूर्ण हिशेबासह लेखी हरकत पाठवली. क्रमवारी आधीच जाहीर झाल्यामुळे तालिका बदलता येणार नाही, एवढे एका ओळीचे उत्तर आले. प्रश्न चूक आहे की बरोबर, याबद्दल त्यात एकही शब्द नव्हता, आणि मला ते गुणांपेक्षा जास्त लागले. आमच्या नोंदवहीत मी त्या तीन मुलांचे गुण दुरुस्त केले आणि उरलेल्यांचे काढून घेतले नाहीत, कारण त्यांना चूक शिकवणाऱ्यांत एक दिवस मीही होतो.

तो प्रश्न यंदाच्या आमच्या स्वतःच्या चाचणीत घालायचा आहे आणि त्याची शब्दरचना मी अजून करतो आहे. ‘वर्तुळाकार’ हा शब्द घालणे भाग आहे, कारण स्पुत्निकसारख्या लंबवर्तुळाकार कक्षेत रोध मुख्यतः पृथ्वीजवळच्या बिंदूपाशी लागतो, त्यामुळे दूरचा बिंदू झपाट्याने खाली येतो, फेरीचा काळ घटतो, पण त्या जवळच्या बिंदूपाशी वेग मात्र दर फेरीगणिक थोडा कमी होत जातो. म्हणजे तिथे ‘वेग’ म्हणजे कुठला वेग, हे सांगितल्याशिवाय ‘अ’ किंवा ‘ब’ दोन्ही पूर्ण उत्तरे नाहीत. ‘रोध अत्यल्प आहे’ हेही लिहावे लागेल, नाहीतर शेवटच्या सव्वाशे किलोमीटरमधला उपग्रह डोळ्यांपुढे आणणाऱ्या मुलावर अन्याय होईल. एवढे सगळे लिहिले की प्रश्न चार ओळींचा होतो आणि उत्तर त्यातूनच डोकावू लागते. सध्या मी पर्यायच काढून टाकले आहेत आणि 400 व 300 किमी उंचीचे दोन्ही हिशेब मागून, हरवलेल्या स्थितिज ऊर्जेतले किती कुठे गेले, एवढेच विचारले आहे. त्याला चार गुण पुरतील का, ते ठरायचे आहे.